पालक सभेत वाचायची परीक्षेवरची कविता कशी लिहावी

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले की शाळा पालक सभा बोलावते. हॉल तिकीट, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या तारखा, कॉपीबद्दलच्या सूचना हे सगळं सांगून झाल्यावर मुख्याध्यापक एखाद्या शिक्षिकेला किंवा पालकाला म्हणतात, "मुलांच्या ताणावर दोन ओळी वाचा." हा लेख ते काम अंगावर आलेल्या माणसासाठी आहे.

आधी कवितेत काय येणार ते ठरवा

कागद घेऊन बसलं की पहिली ओळ बहुधा अशी सुचते: "अपेक्षांचे ओझे लादू नका, मुलांना ताण देऊ नका." ही ओळ खोडा. समोरचे पालक दिवसभराचं काम उरकून आलेले असतात. त्यांना हे आरोपासारखं ऐकू येतं, आणि घरी जाऊन नेमकं काय करायचं हेही त्यातून कळत नाही.

त्याऐवजी घरात रोज घडणारे प्रसंग लिहून काढा. पेपर देऊन मूल दारात येतं आणि चपला काढायच्या आत कोणीतरी विचारतं, "किती मार्कांचं सुटलं?" आत्याचा फोन येतो आणि तिच्या मुलाचे टक्के कळतात. मूल अभ्यास करत असतं आणि बाहेरच्या खोलीत मालिका चालू असते. सकाळी पोट दुखतं, पोहे तसेच राहतात, आणि घरातलं कोणी म्हणतं, "नाटकं आहेत." असे पाच-सहा प्रसंग पुरतात. प्रत्येकाला एक कडवं आणि प्रत्येक कडव्यात पालकांनी करायची एकच गोष्ट, एवढाच आराखडा ठेवा.

"गुणांना काही महत्त्व नाही" असं मात्र लिहू नका. अकरावीचा प्रवेश गुणांवर होतो, हे प्रत्येक पालकाला माहीत असतं. एक ओळ खोटी वाटली की पुढच्या ओळींवरचाही विश्वास जातो. शाळेतल्या एखाद्या मुलाबाबत घडलेला खरा प्रसंगही घेऊ नका, नाव गाळूनसुद्धा नको. सभागृहात तो कोणाचा हे ओळखणारं कोणीतरी असतंच.

छंद: अष्टाक्षरी

एकदाच ऐकून कळायला हवी अशा कवितेसाठी मला अष्टाक्षरी सर्वांत सोयीची वाटते. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे "अभ्यास" तीन अक्षरी होतो. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. बोटांवर मोजता येतं, त्यामुळे पहिल्यांदाच लिहिणाऱ्यालाही जमतं.

एक ओळ दुरुस्त करून पाहू. "आधी पाणी, मग जेवण" सहज सुचते, पण मोजली तर नऊ अक्षरं भरतात, आणि मोठ्याने वाचताना "जेवण"पाशी जीभ अडखळते. "आधी पाणी, मग भात" केलं की आठ होतात. शिवाय जेवणापेक्षा भात डोळ्यांसमोर लवकर येतो.

सगळ्या कवितेत "तुम्ही" नको, "आपण" हवं. वाचणाराही घरी आई किंवा बाप असतो, आणि ते ऐकणाऱ्यांना जाणवलं पाहिजे. मुलासाठी "लेकरू" घेतलं की मुलगा-मुलगी दोघंही त्यात येतात. तयार कविता अशी होते:

पेपर देऊन आले
लेकरू हे उंबऱ्यात
"किती सुटले?" हा प्रश्न
ठेवू आपण मनात

आधी पाणी, मग भात
थोडी झोप, थोडा वारा
झाला पेपर तो झाला
आवरू त्याचा पसारा

शेजारच्या घरी किती
गुण पडले कुणाला
मोजमाप त्याचे नको
आपल्याच लेकराला

रात्री दहा वाजले की
दिवा मालवला जावा
आपलाही फोन तेव्हा
खुशाल बंद करावा

पोट दुखते सकाळी
घास उतरेना खाली
नाटक हे म्हणू नये
भीती पोटातून आली

निकालाच्या दिवशीही
तेच ताट, तेच घर
टक्के काही आले तरी
हात राहो पाठीवर

यातलं दुसरं आणि पाचवं कडवं कोणत्याही कवितेत असावंच, असं माझं मत आहे. झालेल्या पेपरची चर्चा मुलाला पुढच्या पेपरकडे वळूच देत नाही. प्रश्नपत्रिका हातात घेऊन "हे का सोडलंस?" म्हणत घालवलेला तास उद्याच्या विषयातून वजा होतो. आणि परीक्षेच्या सकाळचं पोटदुखणं खरं असतं. भीती वाटली की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं, पचन बिघडतं, म्हणून कळ येते, मळमळतं, कोणाला सारखं शौचाला जावं लागतं. पालकाने ते खरं मानलं तरच मूल बोलतं.

चौथ्या कडव्यातली वेळ आपापल्या शाळेप्रमाणे बदला. सकाळी लवकर उठून अभ्यास करणारी मुलं असतील तर दहा ठीक, नसतील तर "अकरा" घाला, म्हणजे ओळ "रात्री अकरा झाले की" अशी होते आणि अक्षरं आठच राहतात.

वाचन

घरी उभं राहून मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. जिथे श्वास अपुरा पडतो किंवा शब्द चावला जातो ती ओळ बदला, मग ती कागदावर कितीही आवडलेली असो. चोवीस ओळी सावकाश वाचायला साधारण दोन मिनिटं लागतात. त्याहून लांबवू नका, कारण सभेत कवितेनंतर प्रश्नोत्तरं असतात आणि पालकांना घरी जायची घाई असते.

मोठ्या अक्षरांत छापलेला कागद हातात ठेवा. फोनवरून वाचलं तर मान खाली जाते आणि आवाज माईकपासून दूर जातो. कडवं संपलं की थांबा. शेजारच्या गुणांच्या कडव्याला हॉलमध्ये हसू उठतं, ते पूर्ण विरू द्या, नाहीतर चौथ्या कडव्याची पहिली ओळ कोणाला ऐकूच जाणार नाही. चाल लावायचा मोह टाळा. चाल लागली की लोक सुराकडे कान लावतात आणि दहा वाजता फोन बंद करायचं राहून जातं.

कवितेला प्रस्तावना नको. संपल्यावर मात्र दोन गोष्टी साध्या बोलण्यात सांगा. एक, विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, आणि हे मुलाला निकालाच्या आधीच माहीत असावं. दुसरी अशी की, झोप आणि जेवण बरेच दिवस बिघडलं असेल, मूल सगळ्यांपासून तुटून एकटं बसत असेल, तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा एकदा जरी ऐकली तरी वाट बघू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि मराठीतही बोलता येतं.

हे कवितेत घालू नका. यमकात बसवलेला मदतीचा क्रमांक कोणी लिहून घेत नाही. कवितेची प्रत पालकांना वाटणार असाल तर शेवटच्या कडव्याखाली तो ठळक छापा, आणि त्याच्या शेजारी वर्गशिक्षकांना भेटण्याची वेळ लिहा.