एरर बार एकमेकांवर आले म्हणजे फरक नाही? संशोधनाचा आलेख वाचायची रीत

संशोधनाचा निकाल दाखवणाऱ्या आलेखात प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक उभी रेघ असते, वरखाली छोट्या आडव्या टोप्या असलेली. हाच एरर बार. तो वाचायचा कसा, यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: दोन रेघा एकमेकींच्या समोर येत असतील तर फरक नाही, येत नसतील तर फरक आहे. हा सल्ला सोडून द्या. तो कधीकधी बरोबर ठरतो, पण कधी ठरेल हे त्यातून कळत नाही, आणि जिथे खरी गरज असते नेमका तिथेच तो फसवतो.

पहिली पायरी: रेघ कशाची आहे ते शोधा

आलेखाखालचा बारीक मजकूर वाचा. तिथे SD, SE (किंवा SEM) किंवा 95% CI यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं. तिन्ही रेघा दिसायला सारख्याच असतात, पण अर्थ वेगळे. एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मनाने घेतले आहेत.

रक्तदाबाच्या दोन औषधांची तुलना केली, प्रत्येक गटात ३६ माणसं. जुन्या औषधाने वरचा रक्तदाब सरासरी ८ अंकांनी उतरला, नव्याने ११ अंकांनी. अर्थात प्रत्येकाचा सारखा उतरला नाही. कुणाचा २ ने, कुणाचा १५ ने. माणसामाणसांतला हा फरक मोजणारा आकडा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. दोन्ही गटांत तो ६ आहे असं धरू. SD ची रेघ काढली तर जुन्या औषधाची २ ते १४ आणि नव्याची ५ ते १७ अशी येईल. ही रेघ माणसं एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते सांगते. औषध चांगलं की नाही यावर ती जवळजवळ गप्पच असते. माणसं ३६ ऐवजी ३,६०० घेतली तरी ती साधारण तेवढीच राहते.

सरासरी किती पक्की आहे हे स्टँडर्ड एरर सांगतो. तो काढायला ६ ला ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने, भागायचं. उत्तर १. आता रेघा ७ ते ९ आणि १० ते १२ अशा येतील. माणसं वाढवली की ही रेघ आखूड होते.

आणि ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खऱ्या सरासरीसाठी अंदाजाने धरलेला पट्टा, सरासरीच्या दोन्ही बाजूंना स्टँडर्ड एररच्या साधारण दुप्पट: ६ ते १० आणि ९ ते १३.

तीच माणसं, तीच औषधं. पण SD च्या आलेखात रेघा एकमेकींवर भरपूर चढलेल्या, SE च्या आलेखात त्यांच्यात मोकळी जागा, आणि CI च्या आलेखात थोडीशी टक्कर. सुरुवातीचा सल्ला लावला तर उत्तरं येतील: फरक नाही, फरक आहे, फरक नाही. म्हणून रेघ कशाची ते लिहिलेलं नसेल, तर त्या आलेखावरून काही ठरवायला जाऊ नका. अंदाजही बांधू नका.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. सगळ्या खांबांवरच्या रेघा अगदी तंतोतंत सारख्या लांबीच्या असतील तर संशय घ्या. एक्सेलमध्ये आलेखावर Error Bars मधला Standard Error हा तयार पर्याय निवडला, की तो मुळातल्या मोजमापांकडे बघतच नाही. समोर काढलेल्या खांबांच्या उंचीवरूनच एक आकडा काढतो आणि तोच सगळ्यांना चिकटवतो. अशा रेघेला काहीही अर्थ नसतो, पण ती दिसते अगदी शास्त्रीय.

दुसरी पायरी: प्रत्येक गटात किती जण ते बघा

हा आकडा नसेल तर पुढचा हिशेब होत नाही.

तिसरी पायरी: SE असेल तर CI करून घ्या

गटात दहा किंवा जास्त जण असतील तर रेघेची प्रत्येक बाजू मनातल्या मनात दुप्पट करा. पण प्रयोगशाळेतल्या आलेखांत बऱ्याचदा तीनच नमुने असतात, आणि तिथे दुप्पट करून भागत नाही. तीन नमुन्यांना ४.३ पट करावं लागतं. नीटनेटकी, आखूड दिसणारी रेघ एकदम केवढी होते ते स्वतः करून बघा.

चौथी पायरी: दोन रेघांची तुलना

अडतं ते इथेच, आणि वर्षानुवर्षं आकडेवारी वापरणारेही अडतात. २००५ मध्ये बेलिया, फिडलर, विल्यम्स आणि कमिंग यांनी शोधनिबंध लिहिणाऱ्या संशोधकांनाच विचारलं होतं, की दोन गटांतला फरक जेमतेम मान्य होण्यासाठी रेघा कशा ठेवाल? बऱ्याच जणांनी त्या एकमेकींना जेमतेम टेकतील अशा ठेवल्या, मग रेघ SE ची असो की CI ची. दोन्हीकडे हे उत्तर चुकीचं आहे.

आपल्या उदाहरणातले CI घ्या: ६ ते १० आणि ९ ते १३. ९ ते १० एवढा भाग दोघांत सामाईक आहे. म्हणजे जुन्या औषधाचा खरा परिणाम १० आणि नव्याचा ९ असूही शकेल, मग नवं चांगलं कशावरून, असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: जुन्या औषधाचा आपला अंदाज पार एका टोकाला चुकला आणि त्याच वेळी नव्याचा अंदाज पार उलट्या टोकाला चुकला. गट वेगळे, माणसं वेगळी. दोन्ही चुका एकदम, एवढ्या मोठ्या आणि नेमक्या विरुद्ध दिशांना होण्याची शक्यता एकेकट्या चुकीपेक्षा बरीच कमी असते.

म्हणून फरकातली अनिश्चितता काढताना दोन स्टँडर्ड एरर सरळ मिळवत नाहीत. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात. १ चा वर्ग १, दोन्ही मिळून २, त्याचं वर्गमूळ साधारण १.४. सरळ मिळवले असते तर २ आले असते. सगळा घोळ या १.४ आणि २ मधल्या अंतरातच आहे. आता १.४ ची दुप्पट २.८. दोन औषधांतला फरक ११ वजा ८, म्हणजे ३. तेव्हा फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ३ वजा २.८ पासून ३ अधिक २.८ पर्यंत: ०.२ ते ५.८. यात शून्य, म्हणजे ‘काहीच फरक नाही’, येत नाही. रेघा एकमेकींवर असूनही फरक आहे असं म्हणायला आधार आहे, जेमतेम का होईना.

कागद-पेन्सिल नसेल तेव्हा डोळ्यांनी वापरायचा नियम असा. रेघ CI ची असेल, तर रेघेच्या एका बाजूच्या लांबीच्या निम्म्यापर्यंतची टक्कर चालते; आपल्या उदाहरणात बाजू २ ची आणि टक्कर १ ची आहे, म्हणजे अगदी सीमेवर. रेघा एकमेकींना शिवतही नसतील तर पुरावा चांगलाच भक्कम. रेघ SE ची असेल, तर उलट: मधे एका बाजूच्या लांबीएवढी तरी मोकळी जागा हवीच. SE च्या रेघा नुसत्या सुटल्या म्हणून फरक सिद्ध झाला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि SD च्या रेघांवरून ही तुलना करूच नका.

हा नियम गट वेगवेगळ्या माणसांचे असतील, रेघा साधारण सारख्या लांबीच्या असतील आणि प्रत्येक गटात निदान दहा जण असतील तरच लावायचा.

याच जातीची आणखी एक चूक बातम्यांत सतत दिसते. एका औषधाच्या परिणामाचा इंटरव्हल ०.५ ते ५.५, दुसऱ्याचा उणे ०.५ ते ४.५. पहिला शून्याला शिवत नाही, दुसरा ओलांडतो. लगेच मथळा तयार: पहिलं औषध लागू पडतं, दुसरं पडत नाही. अहो, त्या दोघांत फरक आहे कुठे? एकाची सरासरी ३, दुसऱ्याची २, आणि रेघा जवळजवळ पूर्ण एकमेकींवर. दोघांची तुलना करायची तर दोघांतल्या फरकाचाच इंटरव्हल काढावा लागतो.

पाचवी पायरी: तीच माणसं दोनदा मोजली आहेत का?

‘उपचाराआधी’ आणि ‘उपचारानंतर’ असे खांब दिसले की वरचा नियम बाजूला ठेवा. समजा पाच जणांचा रक्तदाब आधी १३०, १४२, १५१, १६५, १७२ होता आणि नंतर १२६, १३७, १४८, १६०, १६७ झाला. मुळातच कुणाचा कमी, कुणाचा जास्त, त्यामुळे आधीच्या खांबाचा CI साधारण १३१ ते १७३ आणि नंतरच्याचा १२७ ते १६८ येतो. रेघा जवळपास एकावर एक. पण पाचही जणांचा रक्तदाब उतरला आहे, ३ ते ५ अंकांनी. प्रत्येकाची स्वतःची उतरण घेऊन हिशेब केला तर इंटरव्हल साधारण ३.३ ते ५.५ येतो, शून्यापासून चांगलाच दूर. तेव्हा अशा आलेखात उतरणीचा वेगळा आकडा दिला आहे का ते शोधा. नसेल, तर त्या दोन रेघांवरून हो किंवा नाही, काहीच म्हणता येत नाही.

सहावी पायरी: दोन्ही टोकं वाचा

९५ टक्के रुग्णांना ०.२ ते ५.८ एवढा जादा फायदा होईल, असा याचा अर्थ नाही. इंटरव्हल सरासरीबद्दल बोलतो, एकेका माणसाबद्दल नाही. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडलेली कल्पना अशी आहे: याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन इंटरव्हल काढत राहिलो, तर त्यांतले साधारण ९५ टक्के खऱ्या आकड्याला पोटात घेतील. हातातला हा एक त्यांपैकी आहे की उरलेल्या ५ टक्क्यांपैकी, ते कळायला मार्ग नाही. शिवाय यात फक्त नमुना निवडताना आलेला योगायोग मोजला जातो. यंत्र सगळ्यांचा रक्तदाब चुकीचा दाखवत असेल, किंवा त्रास झालेले रुग्ण मधूनच निघून गेले असतील, तर रेघ ते दाखवत नाही.

एवढं मनात ठेवून मग ०.२ ते ५.८ कडे बघा. इंटरव्हलमध्ये शून्य नाही एवढ्यावर थांबणारे लोक वरच्या टोकाचा ५.८ सांगतात आणि खालच्या टोकाचा ०.२ विसरतात. ०.२ अंक म्हणजे दंडाला पट्टा बांधून घरी मोजताना कळणारही नाही इतका फरक. तेवढ्यासाठी कुणी औषध बदलणार नाही. ५ अंकांसाठी कदाचित बदलेल. या माहितीवरून दोन्ही शक्य आहेत, आणि यांतलं कुठलं खरं ते ठरवायला ७२ माणसं पुरत नाहीत. गटातली माणसं चौपट केली की रेघ निम्मी होईल, म्हणजे प्रत्येक गटात १४४.