13.2 व्होल्ट म्हणजे 70 टक्के नव्हे: लिथियम फॉस्फेट बॅटरीत किती चार्ज उरलाय, हे कसं ओळखावं

ठाण्यात नौपाड्याच्या एका गणेश मंडळाने गाडीवरच्या दिव्यांसाठी आणि माइकसाठी जुनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. वजन निम्म्याहून कमी झालं, त्यामुळे कार्यकर्ते खूश. विसर्जनाच्या दिवशी सकाळी एकाने मल्टिमीटर लावला, 13.20 आकडा आला. मोबाइलवर साठवलेल्या तक्त्यात 13.2 समोर 70 टक्के लिहिलेलं. इन्व्हर्टरसकट लोड साधारण 14 अँपिअरचा, म्हणजे पाच तास निघतील, मिरवणूकही तेवढीच. प्रत्यक्षात सव्वातीन तासांत सगळं बंद पडलं.

मीटर ठीक होता आणि बॅटरीही ठणठणीत होती. हिशोब मांडला तर कारण कळतं. स्थापनेच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरलेली होती. त्यानंतर पाच तास वापर झाला, 14 अँपिअरने 70 अँपिअर-तास गेले, उरले 30. मग 10 अँपिअरच्या चार्जरवर दीड तास लावली आणि चार्जर दुसरीकडे हवा म्हणून काढला. भर पडली 15 ची, झाले 45. दोन दिवस बॅटरी तशीच पडून होती. 45 ला 14 ने भागलं की सव्वातीन तास येतात. व्होल्टेजने मात्र 70 चा भास करून दिला.

व्होल्टेज मधे हलतच का नाही

जुन्या लेड-ॲसिड बॅटरीत ॲसिड स्वतः रासायनिक क्रियेत भाग घेतं. बॅटरी उतरते तसं ते पातळ होतं आणि त्याबरोबर व्होल्टेजही खाली सरकतं: पूर्ण भरलेली असताना 12.7 च्या आसपास, अर्धी असताना 12.2 च्या आसपास. म्हणून आपल्याकडे मीटर लावून बॅटरी तपासायची सवय पडली, आणि त्या बॅटरीपुरती ती चुकीची नव्हती.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या कणात दोन अवस्था शेजारी-शेजारी असतात, लिथियम असलेली आणि लिथियम नसलेली. चार्ज-डिस्चार्ज होताना त्या दोघींचं प्रमाण बदलतं, पण दोन्ही हजर आहेत तोवर व्होल्टेज जवळपास जागच्या जागी राहतं. बर्फ-पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर बुडवून बर्फ किती उरलाय हे सांगता येत नाही, तसंच हे. बर्फ असेतो पारा शून्यावरच.

जो थोडाफार उतार दिसतो तो बहुतेक दुसऱ्या इलेक्ट्रोडचा, ग्रॅफाइटचा. ग्रॅफाइट टप्प्याटप्प्याने लिथियम आत घेतो, म्हणून 60 टक्क्यांच्या आसपास एक छोटी पायरी लागते. तिच्यावर प्रत्येक सेल 3.33 व्होल्टच्या जवळ, तिच्याखाली 3.29 च्या जवळ. चार सेलच्या बॅटरीत हे झाले 13.32 आणि 13.16. म्हणजे 90 टक्क्यांपासून 40 टक्क्यांपर्यंतचा सगळा प्रवास 160 मिलिव्होल्टमध्ये उरकतो.

आता मीटरकडे बघा. बऱ्याच साध्या मल्टिमीटरच्या माहितीपत्रकात डीसी व्होल्टेजची अचूकता 0.5 टक्के अधिक 2 अंक अशी दिलेली असते. 13.2 वर 0.5 टक्के म्हणजे 66 मिलिव्होल्ट, दोन अंकांचे आणखी 20. एकूण चूक दोन्ही बाजूंना 86 मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकते. मोजायची पट्टीच 160 ची आणि तिच्यात 172 ची शंका! मीटर खराब नसताना ही गत.

त्यात आणखी एक खोच आहे. बॅटरी खालून चार्ज करत 50 टक्क्यांवर आणली, की वरून डिस्चार्ज करत 50 वर आणली, यावरही स्थिर व्होल्टेज बदलतं. चार्ज करून थांबवलेली बॅटरी थोडं जास्त दाखवते, वापरून थांबवलेली थोडं कमी. कितीही तास विश्रांती दिली तरी हा फरक पूर्ण जात नाही. सेलमागे साधारण 10 ते 20 मिलिव्होल्ट धरा, चार सेलचे मिळून 40 ते 80. मंडळाची बॅटरी शेवटी चार्जरवरून उतरली होती, म्हणून आकडा वरच्या अंगाला झुकलेला होता. ‘रात्रभर ठेवा आणि मग मोजा’ हा सल्ला लेड-ॲसिडला बराच उपयोगी, इथे अर्धाच.

मग करायचं काय

भांड्यात किती आहे हे बघून कळत नसेल, तर आत किती गेलं आणि बाहेर किती आलं हे मोजायचं. त्यासाठी शंट असलेला बॅटरी मॉनिटर लागतो. शंट म्हणजे ठरलेल्या, अगदी कमी रोधाची धातूची पट्टी. 100 अँपिअर वाहिले की तिच्यावर 75 मिलिव्होल्ट पडतात, असा शंट सर्रास मिळतो.

पायरी 1: शंट जोडा. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एकच जाड वायर शंटच्या एका टोकाला न्या. बाकी सगळं, म्हणजे इन्व्हर्टर, दिवे आणि चार्जर, शंटच्या दुसऱ्या टोकाला. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर दुसरी कोणतीही वायर नको. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. चार्जरचा काळा चिमटा सवयीने थेट खुंटीला लावला जातो, चार्जचा प्रवाह शंटमधून जातच नाही, आणि भरलेली बॅटरी मॉनिटरवर 20 टक्के दाखवते. ओळखायची खूण सोपी: चार्जर चालू असताना मॉनिटरवर प्रवाह शून्य दिसत असेल, तर चिमटा चुकीच्या जागी आहे. त्या खुंटीवर टेप गुंडाळून टाका, म्हणजे कोणी घाईत तिथे चिमटा लावणार नाही.

पायरी 2: एकदा पूर्ण भरा आणि तिथे 100 ठरवा. चार्जर लिथियम फॉस्फेटसाठीचाच हवा, 14.2 ते 14.6 व्होल्टपर्यंत नेणारा. 14.4 गाठलं म्हणजे भरली, असं धरू नका. त्या व्होल्टेजवर प्रवाह हळूहळू कमी होतो. 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत तो 5 अँपिअरच्या खाली आला की भरली समजा आणि मॉनिटरवर 100 टक्के करा. मॉनिटर हे आपणहून करू शकत असेल, तर त्यात ‘पूर्ण’चं व्होल्टेज चार्जरच्या व्होल्टेजपेक्षा थोडं खाली ठेवा. चार्जर 14.4 चा असेल तर 14.2. दोन्ही सारखे ठेवले तर वायरमध्ये थोडं व्होल्टेज पडतं आणि मॉनिटरला ‘पूर्ण’ कधी दिसतच नाही.

पायरी 3: खरी क्षमता काढा. डब्यावर 100 लिहिलेलं असलं तरी जुन्या बॅटरीत तेवढं निघेलच असं नाही. पूर्ण भरल्यावर नेहमीचाच लोड लावा आणि दर अर्ध्या तासाला व्होल्टेज आणि गेलेले अँपिअर-तास वहीत लिहा. हा प्रयोग सुट्टीच्या दिवशी एकदा करावाच, कारण तक्त्याचा फोलपणा डोळ्यांना दिसतो. लोड असताना व्होल्टेज कित्येक तास 13.1 ते 12.9 मध्येच घुटमळतं, आणि मग शेवटच्या थोड्या वेळात भराभर कोसळतं. 11.2 ला, म्हणजे सेलमागे 2.8 ला लोड काढा. त्या क्षणी मॉनिटरवर 88 अँपिअर-तास गेलेले दिसत असतील, तर सेटिंगमध्ये क्षमता 88 टाका, 100 नाही. बॅटरी रिकामी तशीच ठेवू नका, लगेच चार्जिंगला लावा.

पायरी 4: अधूनमधून पुन्हा 100 वर आणा. मोजणीतही चूक साठत जाते. 100 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटवर 0.1 अँपिअरसाठी फक्त 0.075 मिलिव्होल्ट मिळतात. एवढंसं मोजताना मॉनिटर थोडा चुकला, तर दिवसाला 2.4 आणि आठवड्याला जवळपास 17 अँपिअर-तासांची तफावत पडते. बॅटरीच्या आतल्या बीएमएसचं, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या सर्किटचं ॲपही बहुधा असंच मोजतं, आणि काही बीएमएस अगदी बारीक प्रवाह शून्यच धरतात. वायफायचा राउटर किंवा एखादा कॅमेरा सतत चालू असेल तर तो खर्च त्यांच्या वहीत चढतच नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर ही चूक फारशी जाणवत नाही, कारण लाइट आली की बॅटरी पुन्हा पूर्ण भरते आणि मोजणी आपोआप ताळ्यावर येते. अडचण असते ती मंडळाच्या गाडीसारख्या अर्धवट भरून अर्धवट वापरल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांची. त्यांना दोन आठवड्यांतून एकदा आणि महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. चूक किती साठली होती हेही तेव्हाच कळतं: चार्ज होताना आकडा 81 वरून एकदम 100 वर उडाला, तर मॉनिटर 19 टक्क्यांनी मागे होता. दर वेळी उडी एकाच दिशेला पडत असेल तर शंटची जोडणी आणि क्षमतेचं सेटिंग पुन्हा तपासा.

व्होल्टेज कुठे कामाचं

टोकांना. लोड काढून तासाभराने 12.8 च्या खाली दिसलं, तर 20 टक्केही उरलेले नाहीत, टक्केवारी काहीही म्हणो. 12.0 ला बॅटरी जवळजवळ रिकामी असते, तेव्हा विचार न करता चार्जरवर टाका. वरच्या बाजूला मात्र सांभाळून: विश्रांतीनंतर 13.4 च्या वर राहिलं तर भरलेली आहे असं म्हणता येतं, पण 13.3 वर पैज लावू नका.

सुटे सेल घेऊन स्वतः पॅक बांधणाऱ्यांनाही हेच लागू. दुकानदार मीटर लावून चारही सेल 3.29 दाखवतो आणि ‘मॅच केलेले आहेत’ म्हणतो. मधल्या सपाट भागात एक सेल 40 टक्क्यांवर आणि दुसरा 50 वर असला तरी दोन्ही 3.29 च दाखवतील. पॅक बांधून चार्ज करताना 14 व्होल्टच्या वर गेल्यावर प्रत्येक सेल वेगळा मोजा. तेव्हा एक 3.65 ला धडकलेला आणि दुसरा 3.40 वर रेंगाळलेला सापडतो. बीएमएस त्या पहिल्या सेलमुळे चार्जिंग तोडतो आणि पॅक पूर्ण भरतच नाही. अशा वेळी बांधणी सोडून चारही सेल समांतर जोडा आणि एकत्र 3.65 पर्यंत भरा. प्रवाह अगदी थोडा उरेपर्यंत थांबा, मग पुन्हा सिरीजमध्ये बांधा.