प्रसूतीची तारीख काढताना या चुका टाळा

शेवटची पाळी कधी आली, असं विचारलं की कुणी पाळी थांबल्याचा दिवस सांगते, कुणी पाळी चुकल्याचा. हवा असतो तो पाळी सुरू झाल्याचा पहिला दिवस. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की तारीख निघते, म्हणजे साधारण २८० दिवस. पण हा हिशेब पाळी दर २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, असं धरून केलेला आहे. मोबाइलवरचं ॲपही बहुधा हेच धरून चालतं, म्हणून नुसत्या ॲपच्या तारखेवर विसंबणं मला मुळीच पटत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीची पाळी चाळीस दिवसांनी यायची. शेवटची पाळी १० जानेवारीची, म्हणून कार्डावर तारीख पडली १७ ऑक्टोबर. १४ मार्चला सोनोग्राफी झाली. पाळीप्रमाणे नऊ आठवडे भरले होते, पण डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून बाळ सात आठवडे दोन दिवसांचं निघालं. बीजच बारा दिवस उशिरा सुटलं होतं. या काळात सात दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर तारीख बदलतात, म्हणून नवी तारीख झाली २९ ऑक्टोबर. घरच्यांनी मात्र जुनीच धरली. २४ ऑक्टोबरला सासूबाई म्हणाल्या, "दिवस वर गेलेत, कळा आणायचं इंजेक्शन द्या." खरं तर तेव्हा एकोणचाळीस आठवडे आणि दोनच दिवस झाले होते. पहिल्या सोनोग्राफीचा कागद दाखवून समजूत घालावी लागली. म्हणून मी पाळीची तारीख लिहिताना ती किती दिवसांनी येते हेही विचारते, आणि पहिली सोनोग्राफी लवकर करून घ्यायला सांगते.

दिवस गेल्यावर सुरुवातीला लागलेले दोन-चार डाग पाळी समजू नका, नाहीतर तारीख जवळजवळ महिनाभर पुढे जाते.

सगळ्यात घातक चूक आठव्या महिन्यात होते. त्या सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापून येते आणि लोक तीच खरी मानतात. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाचं माप पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतं. पुढे कुणी अंगाने मोठं, कुणी लहान. शेवटच्या तीन महिन्यांत हा फरक तीन आठवड्यांपर्यंतही जाऊ शकतो. पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे चौतीस आठवडे झालेलं बाळ मापाने एकतीसचं दिसलं, तर तारीख पुढे ढकलू नका. तिथे वाढ खुंटल्याची शंका घ्यायची असते, आणि तारीख बदलली की ती शंकाच पुसली जाते. अशा वेळी डॉक्टरांना वजनाबद्दल आणि नाळेच्या रक्तप्रवाहाच्या डॉपलर तपासणीबद्दल विचारा. कार्डावर एकदा नक्की केलेली तारीख तशीच राहू द्या.