थोबाडीत मारल्यासारखे लाल गाल : ‘ऊन लागलं’ किंवा ‘पित्त उठलं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पूर्व विदर्भात लहान मुलांचा दवाखाना चालवते. मार्च-एप्रिल आला की एक चित्र ठरलेलं असतं. पाच-सात वर्षांचं मूल हसत-खेळत आत येतं, दोन्ही गाल कुणी थोबाडीत मारल्यासारखे लाल. आजी म्हणते ऊन लागलं, आई म्हणते पित्त उठलं. मेडिकलवाल्याने दिलेलं मलम चार दिवस लावून झालेलं असतं आणि शेंगदाणे, अंडी, दूध बंद झालेलं असतं.

हा पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूचा आजार आहे. मुलांच्या पुरळांच्या जुन्या यादीत तो पाचव्या क्रमांकावर होता, म्हणून त्याला पाचवा आजार म्हणतात. निरोगी मुलात तो आपोआप बरा होतो. नुकसान होतं ते त्याला भलतंच काही समजण्याने.

फक्त गाल बघून निदान करणे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघते. गाल लाल दिसले की बघणं तिथेच थांबतं. मी गाल सगळ्यात शेवटी बघते. आधी नाकाचा शेंडा, कपाळ, कानांच्या कडा आणि मानेची मागची बाजू. ऊन नाक सोडून गालांवर पडत नाही. उन्हाने भाजलं असेल तर हे सगळं लाल असतं, हात लावला की मूल ओरडतं आणि बाहीखालची कातडी नेहमीच्या रंगाची असते. शिवाय उन्हाची लाली त्याच दिवशी दिसते आणि काही दिवसांनी साल निघते. पाचव्या आजारात लाली दोन्ही गालांवर ठसठशीत असते, ओठांभोवतीचा भाग मात्र फिका राहतो. गाल गरम लागतात, पण दुखत नाहीत.

पित्ताची गांध वेगळी. ती उंचावलेली असते, खूप खाजते आणि एका जागी टिकत नाही. सकाळी गालावर असलेली संध्याकाळी पोटावर. एका जागची गांध चोवीस तासांत विरते. तीच लाली त्याच जागी दोन-तीन दिवस बसून असेल तर ते पित्त नव्हे, मग आमसुलाचं पाणी लावलं काय नि ॲलर्जीचं सिरप पाजलं काय, उपयोग नाही. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास अडकू लागला, तर मात्र ती खरी ॲलर्जी आहे. तेव्हा एक क्षणही घरी थांबू नका.

सावळ्या मुलात लाली लाल दिसेलच असं नाही. ती तांबूस किंवा जांभळट दिसते, कधी नुसती गरम लागते. म्हणून मी हाताची पालथी बाजू आधी गालावर आणि मग कपाळावर ठेवते. मग विचारते, ‘आठवड्याभरापूर्वी सर्दी, कणकण, डोकेदुखी काही झालं होतं का?’ बहुतेक वेळा आई आठवून हो म्हणते.

गाल लाल झाल्यावर एक ते चार दिवसांत दंडांवर, मांड्यांवर, कधी पोटा-पाठीवर पुरळ येतं. मधला भाग फिका पडत जातो आणि कातडीवर जाळी विणल्यासारखी दिसते. ती बघायला मी मुलाला खिडकीपाशी नेते आणि उजेड आडवा पडेल असा हात फिरवते. ट्यूबलाइटखाली समोरून बघितलं तर पुष्कळदा काहीच दिसत नाही. मला पहिल्या दिवशीच नाव हवं म्हणणारे पालक असतात, पण ही जाळी दिसेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. तोवर रोज त्याच खिडकीत एक फोटो काढून ठेवा.

मेडिकलमधून मलम आणणे

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. या पुरळावर त्याचा काही उपयोग नाही आणि चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते. बंद केलं की गाल पुन्हा लाल होतात, मग पुन्हा तेच मलम लावलं जातं. आठ-आठ महिने असं चालवलेली मुलं मी बघितली आहेत.

अँटिबायोटिकही इथे चालत नाही. अंग दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

जाळी परत दिसली म्हणून घाबरणे

गरम पाण्याची आंघोळ, ऊन, धावपळ यांनी ती एक ते तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, येत-जात राहते. आजार उलटलेला नसतो.

पुरळ आलेल्याला कोंडणे आणि बाकी घर विसरणे

पुरळ दिसेपर्यंत निरोगी मुलाकडून होणारा संसर्ग संपलेला असतो. तो पसरतो त्या आधीच्या सर्दीच्या दिवसांत. म्हणून आता शाळा बुडवण्याने काही साधत नाही. विचारायचं ते हे, की त्या आठवड्यात मुलाजवळ कोण होतं.

एका घरातला सात वर्षांचा मुलगा शेतावरून आल्यावर गाल लाल झाले, म्हणून ऊन समजून घरीच ठेवला होता. पाच वर्षांची बहीण सिकलसेलची रुग्ण. तिचं हिमोग्लोबिन एरवी ८च्या आसपास असायचं. भावाचे गाल लाल झाल्यावर आठवड्याने तिला कणकण आली, ती खेळेना, जिना चढताना धापा टाकू लागली. ‘सिकलचं असंच असतं’ म्हणून घरच्यांनी आणखी दोन दिवस काढले. माझ्याकडे आली तेव्हा ओठ कागदासारखे पांढरे होते, डोळे मात्र नेहमीपेक्षा पिवळे नव्हते. हिमोग्लोबिन ३.६. नव्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, तिच्यात एरवी १० टक्क्यांच्या आसपास असत; त्या दिवशी जवळपास शून्य. अंगावर पुरळाचा ठिपका नव्हता.

हा विषाणू अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनवणाऱ्या पेशींतच शिरतो आणि साधारण आठवडा-दहा दिवस उत्पादन बंद पाडतो. निरोगी मुलाच्या तांबड्या पेशी १२० दिवस जगतात, म्हणून त्याला ते कळतही नाही. सिकलसेलमध्ये त्या १० ते २० दिवसच टिकतात, त्यामुळे साठा तेवढ्यात संपतो. थॅलेसेमियासारख्या इतर रक्ताच्या आजारांतही हाच धोका असतो.

तिला हळूहळू रक्त चढवलं. आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट परत दिसू लागले आणि ती घरी गेली. वॉर्डमध्ये तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं आणि गरोदर नर्सला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही, कारण अशा रुग्णाकडून संसर्ग तेव्हा जोरात होत असतो. जाळीवाला भाऊ निर्धोक आणि पुरळ नसलेली बहीण संसर्गजन्य, हे तिच्या वडिलांना पटवायला मला दोनदा समजावून सांगावं लागलं.

गरोदर बाईलाही या विषाणूचा धोका असतो. घरात किंवा वर्गात असं मूल निघालं तर मावशी, काकू, बाई, जी कोणी गरोदर असेल तिने आपल्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगावं. विशेषतः पहिले वीस आठवडे चालू असतील तर. रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं तपासतात: आयजीजी जुन्या संसर्गाची खूण, आयजीएम ताज्या. सुमारे निम्म्या मोठ्या माणसांना हा आजार आधीच होऊन गेलेला असतो. नुसती आयजीजी सापडली तर चिंता नाही. नव्याने संसर्ग झाला असला तरी बहुतेक बाळं सुखरूप असतात, पण काहींना पोटातच रक्तक्षय होतो. तो वेळेत कळावा म्हणून पुढचे काही आठवडे वारंवार सोनोग्राफी करतात.

त्याच घरातल्या आईची मनगटं आणि गुडघे दुखू लागले, तर लगेच चिकनगुनिया ठरवू नका. मोठ्यांना, त्यातही बायकांना, हा आजार पुष्कळदा सांध्यांतच जाणवतो. डॉक्टरांना मुलाच्या गालांचे ते फोटो दाखवा.

ताप चढताच असेल, एकच गाल सुजून दुखत असेल, किंवा डाग काचेच्या पेल्याने दाबूनही फिके होत नसतील, तर हा आजार धरून बसू नका. मुलाला त्याच दिवशी दाखवा.