“एक कडक तक्रार अर्ज लिहून द्या” असं कुणी म्हणालं, तर काय लिहावं?

पलूस भागात मी बरीच वर्षं लोकांचे अर्ज लिहून देतो. जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येणाऱ्यांपैकी बरेच जण सोयाबीन उगवलं नाही म्हणून येतात आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं: “काका, एक कडक अर्ज लिहून द्या.” कुणाला लिहायचा, काय मागायचं, नेमकं काय झालं, यातलं त्या वाक्यात काहीच नसतं. गावात ज्याला चार ओळी नीट लिहिता येतात त्याच्याकडे असे लोक येणारच. त्याच्यासाठी हे लिहितोय.

कागद, तारीख, नाव, गट नंबर, सही हे कुणालाही जमतं. अडतं ते त्याच्या आधी.

बहुतेक जण सल्ला देतात की आधी सगळी हकीकत विचारून घ्या. मीही पहिली काही वर्षं तेच करायचो. माणूस तासभर बोलायचा. दुकानदार कसा बोलला, शेजाऱ्याचं कसं उगवलं, सोसायटीचं कर्ज किती आहे, सगळं यायचं. मी ते दोन पानांत मांडायचो, वर ‘मा. जिल्हाधिकारी’ आणि खाली ‘संबंधितांवर कडक कारवाई व्हावी’ लिहायचो. असाच एक अर्ज मी दोन एकरवाल्या शेतकऱ्याला लिहून दिला होता. तो जिल्ह्याच्या कचेरीतून कृषी खात्याकडे, तिथून तालुक्याला असा फिरला. अधिकारी रानात पोचले तेव्हा त्यानं कधीच रान पाळी घालून दुबार पेरलं होतं. पाहायला काही उरलं नव्हतं, म्हणून पंचनामा झाला नाही. अर्जातली भाषा मात्र चांगलीच कडक होती. त्याच्या नुकसानीचा तो भाग माझ्या कागदामुळे झाला, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी हकीकत शेवटी विचारतो. पहिला प्रश्न मागणीचा असतो आणि तो मी असा विचारतो: “उद्या सकाळी समोरचा माणूस म्हणाला, चूक झाली, घ्या, काय देऊ? तर हात पुढे करून काय घ्याल?” ‘न्याय’ किंवा ‘कारवाई’ हे उत्तर मी घेत नाही. ती हातात घेता येत नाही. मग माणूस थांबतो, विचार करतो. गेल्या वेळी असाच एक जण थोड्या वेळानं म्हणाला, “दोन पिशव्यांचे पैसे द्यावेत. आणि पेरणीचा खर्च.” तोवर तो नुसता चिडलेला होता. आता त्याच्याकडे मागणी होती.

मागणी कळली की अर्ज कुणाला, हे आपोआप ठरतं. ज्याच्या हातात ती गोष्ट द्यायची ताकद आहे, त्यालाच लिहायचं. इथं फार लोक चुकतात. कृषी खातं रान पाहू शकतं, बियाण्याचा नमुना तपासायला पाठवू शकतं, विक्रेत्याच्या परवान्यावर कारवाई करू शकतं. पण तुमच्या खिशातून गेलेले पैसे परत मिळवून देणं त्याच्या हातात नाही. ते दुकानदारानं आणि कंपनीनं द्यायचे, आणि नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागायचे. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली स्पष्ट केलेलं आहे. आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि खरेदीची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण आयोग विचारणार, बियाणंच खराब होतं कशावरून? त्याचं उत्तर म्हणजे कृषी खात्याचा पंचनामा. म्हणून पैसे हवे असले तरी पहिला अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांनाच जातो आणि त्यात पैशांचा शब्दही नसतो. तिथं मागणी एकच: रान लवकर पाहून पंचनामा करावा. पैशांचं पत्र दुकानदाराला आणि कंपनीला, अहवाल हातात आल्यावर.

आता हकीकत. या मागणीला जेवढी लागते तेवढीच, बाकी सगळी बाजूला. पावतीचा नंबर आणि तारीख, पिशवीच्या टॅगवरचं वाण आणि लॉट नंबर, किती किलो, किती क्षेत्र, पेरणी कधी, आधी पाऊस किती, किती उगवलं. पावती हरवली असेल तर दुकानातून दुसरी प्रत मागा. टॅग मात्र शोधायलाच लावा. ती पिशवी गोठ्यात नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडते.

माहीत नसलेली गोष्ट अंदाजानं लिहू नका. दोन पिशव्यांचे पैसे मागणाऱ्या त्या माणसाला पेरणीची तारीख आठवत नव्हती. “वटपौर्णिमा झाली, त्याच्यानंतर दोन दिवसांनी,” असं तो म्हणाला. दिनदर्शिका काढली, 23 जून निघाली, पावतीच्या तारखेशी जुळली. मग लिहिली.

‘किती उगवलं’ याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं. ते जवळपास कधीच खरं नसतं. त्याला परत रानात पाठवतो: पाच वेगवेगळ्या ठिकाणी पेरणीच्या तासात, म्हणजे ओळीत, एक मीटर मोजायचं आणि रोपं मोजायची. पाच सेंटिमीटरवर दाणा पडला असेल तर मीटरला वीसेक रोपं दिसायला हवीत. त्याची सरासरी सहा आली. पिशवीत मूठभर बियाणं उरलं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सहा-सात दिवसांनी मोजा. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के असावी, असं मानक आहे. पण सगळं बियाणं संपवू नका, अधिकाऱ्यांना नमुना लागतो. आणि या मोजणीसाठी अर्ज थांबवू नका.

एका शब्दाला माझा सक्त विरोध आहे: ‘बोगस’. दाणा पाच सेंटिमीटरच्या खाली गेला असेल, ओल पुरेशी नसताना पेरलं असेल किंवा पेरणीनंतर मोठा पाऊस होऊन वर पापुद्रा धरला असेल, तर चांगलं बियाणंही उगवत नाही. अर्जात ‘बोगस’ लिहिलं आणि अहवालात ‘पेरणी खोल’ आलं, की अर्जदारच खोटा ठरतो. कारण ठरवणं हे पाहणी करणाऱ्यांचं काम आहे. आपण दिसलं ते लिहायचं.

शेवटी त्याचा अर्ज एवढाच झाला:

“मी दि. 23 जून रोजी गट नं. … मधील 2 एकर क्षेत्रात सोयाबीन, वाण …, लॉट नं. …, 60 किलो बियाणे पेरले. पेरणीपूर्वी पुरेसा पाऊस झाला होता. आज अकराव्या दिवशी एक मीटर तासात सरासरी 6 रोपे आहेत. दुबार पेरणी करावयाची असल्याने कृपया तातडीने क्षेत्राची पाहणी करून पंचनामा करावा व त्याची प्रत मला मिळावी. सोबत पावती व टॅगची छायाप्रत.”

एक प्रत पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना द्या आणि दोन्हीकडून शिक्का व तारखेची पोच घ्या. पाहणी होईपर्यंत रान मोडू नका. ओल उडून चालली आणि थांबणं शक्यच नसेल, तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना कळवून बांधालगतचे चार-सहा तास तसेच राखा, बाकीच्या रानाचे फोटो काढा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन मगच पाळी घाला.