थकव्याच्या दिवसांत पत्ते खेळताना या चुका टाळा

“आज जरा बरं वाटतंय, चला बसू डावाला.” जुनाट थकव्याच्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. खेळायला माझी ना नाही. मलाही हाच आजार आहे आणि पत्ते माझ्या उशाशीच असतात. पण दमेपर्यंत खेळायचं नाही. एमई/सीएफएस म्हणजे या जुनाट थकव्याच्या आजारात श्रमांची वसुली लगेच होत नाही, बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी होते. आणि श्रम म्हणजे फक्त जिने चढणं नव्हे. डोकं चालवणं, बोलणं, नुसतं ताठ बसणं हेही त्यातच आलं. म्हणून “दमले की उठेन” हे पहिलं आणि सगळ्यात महागात पडणारं गणित. दमणूक जाणवते तोवर उशीर झालेला असतो.

माझ्या मामेबहिणीचं हेच झालं. गणपतीत सगळी भावंडं जमली, शनिवारी रात्री मेंढीकोट रंगला. ही तक्क्याला टेकून बसली होती, हसत होती, कोटही लावले. रविवारी बरी होती. “बघ, उगाच घाबरत होतीस,” असं मामी म्हणालीसुद्धा. सोमवारी सकाळी तिला केस विंचरायला हात वर नेता येईना, खिडकीचा उजेड सोसेना. मग घरात चर्चा सुरू झाली की प्रवास बाधला की मोदक. शनिवारच्या पत्त्यांचं नावही कोणी काढलं नाही, कारण मधला रविवार चांगला गेला होता.

मी मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावते आणि डाव रंगात आला असला तरी ठेवून देते. वीस हा आकडा माझा. काहींना पाचच मिनिटं झेपतात. तुमचा आकडा वहीतून काढा: काय खेळलो, किती वेळ, बसून की पडून, आणि तिसऱ्या दिवशी तब्येत कशी होती. दोन दिवस वही लिहून “काही कळत नाही” म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. खेळण्याआधी कडक कॉफी घेणाऱ्यांना तर नाहीच. कॉफीने ताकद येत नाही, दमल्याचं कळणं तेवढं लांबतं.

दुसरी चूक म्हणजे “सोपा खेळ” शोधणं. खेळ सोपा की अवघड, यापेक्षा तो डोक्यात किती धरून ठेवावा लागतो ते बघा. मेंढीकोट लहान पोरंही खेळतात, पण हुकूम कोणता, कोणती दश्शी गेली, कोणाकडे कोणता रंग संपला, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. लक्ष एकदा सुटलं की मागचं परत दिसत नाही. वर भिडूची भीड, त्यामुळे मध्येच उठवत नाही. रमीतही कोणी काय उचललं, काय टाकलं हे ध्यानात ठेवावंच लागतं.

याउलट बदाम सात. सत्तीपासून वर राजापर्यंत, खाली एक्क्यापर्यंत, सगळी मांडणी समोर. पाच मिनिटं डोळे मिटून पडलात तरी उघडल्यावर एका नजरेत कळतं की आपल्याला काय लावता येईल. नसेल तर पास. फारच वाटलं तर आपले पत्ते दुसऱ्याच्या हाती द्यावेत, डाव मोडत नाही.

एकट्याने खेळायचं तर तोच नियम. साध्या सॉलिटेअरमध्ये मांडलेल्या २८ पत्त्यांपैकी २१ सुरुवातीला पालथे असतात. फ्रीसेलमध्ये ५२ च्या ५२ उघडे. फ्रीसेलला विचार जास्त लागतो हे खरं, पण तो तुकड्या-तुकड्यांनी करता येतो. मी आधी चार एक्के कुठे दबलेत तेवढंच बघते. एक एक्का मोकळा केला की फोन बाजूला. दुपारी उघडलं तर डाव तसाच असतो. डोकं अगदीच धुक्यात असेल तेव्हा मात्र सॉलिटेअरच, एकेक पत्ता उघडायचं आणि चाल मागे घेता येणारं. घड्याळ आणि गुण दोन्ही बंद.

“सलग इतके दिवस खेळलात” असं मोजणारं ॲप काढून टाका. स्मरणशक्ती वाढवण्याचं आमिष दाखवणारे खेळही नकोत. थकव्यावर असला जवळचा रस्ता नसतो.

आडवं पडून, फोन तोंडावर धरून खेळू नका. हात त्यातच संपतात. कुशीवर वळून फोन उशीला टेकवा. आणि खरे पत्ते असतील तर तेरा पत्त्यांचा पंखा हातात धरून बसू नका. कपडे घासायचा कोरा ब्रश उलटा ठेवायचा, पत्ते त्याच्या केसांत उभे खोचायचे. ब्रश जरा दाट केसांचा घ्या, विरळ असला तर पत्ते कलंडतात आणि शेजारच्याला दिसतात.