अर्जांची शीट ठेवताय? मग या चुका टाळा

नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांकडे आज गुगल शीट असते. कंपनी, पद, अर्जाची तारीख आणि शेवटी ‘स्टेटस’ नावाचा रकाना. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: पेंडिंग. चाळीस ओळी, चाळीस पेंडिंग. ही शीट फक्त किती अर्ज केले ते सांगते. उद्या सकाळी कोणाला फोन करायचा आणि कोणाचा नाद सोडायचा, हे तिच्याकडून कळत नाही, आणि शीट ठेवायची ती तेवढ्यासाठीच.

पेंडिंग ही स्थिती नाही. प्रत्येक चालू ओळीला दोन तारखा हव्यात: पुढची हालचाल कधी आणि ओळ बंद कधी. या दोन तारखा नसलेली ओळ अजून भरायची राहिली आहे, असं समजा. शीट रोज पुढच्या तारखेनुसार लावून घ्या. आज किंवा आजच्या आधी येणाऱ्या ओळी म्हणजे आजचं काम, बाकीच्यांकडे आज बघायचंही नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक: स्वतःच्या मेसेजने घड्याळ पुन्हा शून्यावर आणणं

जवळजवळ प्रत्येक तयार टेम्प्लेटमध्ये ‘शेवटचा संपर्क’ असा एकच रकाना असतो. दोष तिथेच आहे. आपण फॉलोअपचा मेल टाकला की त्या रकान्यात आजची तारीख भरतो, आणि बंद करायची तारीख त्यावरूनच निघत असेल तर तीही पुढे सरकते. समोरून एक अक्षर आलेलं नसतं, पण शीटवर ओळ ताजी दिसते. उमेदवार महिनोन्‌महिने स्वतःच्याच मेसेजची वाट पाहत राहतो.

एक उदाहरण तारखांसकट पाहू. तिसरा राउंड बुधवारी, 6 ऑगस्ट 2025 रोजी झाला. एचआर म्हणाल्या, ‘आठवड्याभरात कळवते.’ म्हणजे 13 ऑगस्ट. एकच रकाना असलेल्या शीटमध्ये, शेवटच्या संपर्कानंतर कामाच्या 15 दिवसांनी ओळ बंद, असा नियम लावलेला आहे. उमेदवार 18 ऑगस्टला मेल टाकतो, 25 ला टाकतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा टाकतो. प्रत्येक वेळी ते 15 दिवस नव्याने सुरू होतात. ही ओळ दिवाळीपर्यंत उघडी राहू शकते, आणि ‘तिकडचं होईलच’ या भरवशावर नवे अर्ज कमी होत जातात. खरं नुकसान तिथे होतं.

यावर उपाय म्हणजे रकाने दोन करायचे: ‘त्यांचा शेवटचा संपर्क’ आणि ‘माझा शेवटचा मेसेज’. बंद करायची तारीख कधीही दुसऱ्यावरून काढायची नाही. शिवाय तिसरा रकाना ‘त्यांनी दिलेली तारीख’. मुलाखत संपताना ‘साधारण कधीपर्यंत कळेल?’ हे विचारायचंच. विचारायला संकोच वाटतो म्हणून पुढे तीन आठवडे तळमळत बसण्यात काही अर्थ नाही. उत्तर मोघम आलं, तर मुलाखतीपासून कामाचे 5 दिवस मोजून ती तारीख स्वतः लिहा.

पुढचा हिशेब या दिलेल्या तारखेपासून सुरू होतो. कामाच्या 2 दिवसांनी पहिला फॉलोअप, त्यानंतर कामाच्या 5 दिवसांनी दुसरा, आणखी 5 दिवसांनी ओळ बंद. दिलेली तारीख F रकान्यात आणि सुट्ट्या वेगळ्या टॅबवर असतील, तर सूत्रं अशी:

```
पहिला फॉलोअप: =WORKDAY($F2,2,'सुट्ट्या'!$A$2:$A$20)
दुसरा फॉलोअप: =WORKDAY($F2,7,'सुट्ट्या'!$A$2:$A$20)
बंद:          =WORKDAY($F2,12,'सुट्ट्या'!$A$2:$A$20)
```

वरच्याच उदाहरणात 13 ऑगस्टपासून मोजा. 15 ऑगस्टची सुट्टी आणि शनिवार-रविवार वगळून पहिला फॉलोअप सोमवारी 18 ऑगस्टला येतो, दुसरा 25 ला. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, ती वगळून ओळ 2 सप्टेंबरला बंद होते. सुट्ट्यांचा टॅब रिकामा ठेवलात तर पहिल्या फॉलोअपची तारीख 15 ऑगस्ट येईल आणि तुम्ही झेंडावंदनाच्या दिवशी एचआरला मेल पाठवाल. कंपनी शनिवारीही चालू असेल तर `WORKDAY.INTL` वापरा आणि तिसऱ्या जागी 11 लिहा, म्हणजे फक्त रविवार सुट्टी धरली जाते. सुट्ट्यांची यादी मग चौथ्या जागी जाते.

मध्येच त्यांच्याकडून खरं उत्तर आलं, समजा ‘बजेटची मंजुरी अडकली आहे, पुढच्या आठवड्यात सांगते’, तर दिलेली तारीख जरूर बदला. ही हालचाल त्यांच्याकडून झालेली आहे. पण असा वायदा दोनदा मोडला की तिसरी तारीख लिहायची नाही, ओळ बंद करायची. आणि ‘आपला अर्ज मिळाला’ असा आपोआप येणारा मेल किंवा पोर्टलवर दिसणारं ‘अर्ज पाहिला’ हा संपर्क नव्हे. त्यावरून कोणतीही तारीख हलवू नका.

दुसरी चूक: तारीख उलटी वाचली जाणं

ही चूक डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त घातक. गुगल शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर ती आधी महिना आणि मग दिवस वाचते. तुम्ही 12 ऑगस्टला अर्ज केलात आणि 12/8/2025 असं लिहिलंत, तर शीटच्या लेखी तो 8 डिसेंबर झाला. फॉलोअप कामाच्या 7 दिवसांनी ठेवला असेल तर त्याची तारीख 17 डिसेंबर येते, आणि ओळ चार महिने गप्प बसते. तुम्हाला वाटतं सगळं सुरळीत आहे, कारण काहीच लाल झालेलं नाही. 7/8/2025 लिहिलं तर उलट होतं. ती 8 जुलै वाचली जाते आणि आजच केलेला अर्ज महिनाभर उशीर झाल्यासारखा दिसतो. 13/8/2025 ची तर तारीखच होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. तो नुसता मजकूर राहतो आणि सूत्र `#VALUE!` दाखवतं. या तिघांत शेवटचा प्रकार बरा, निदान लगेच कळतो तरी.

ओळखायचं कसं? मजकूर पेशीत डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे. पण उलटी वाचलेली तारीखही उजवीकडेच असते, म्हणून शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे टाकून महिन्याचं नाव वाचा:

```
=TEXT(D2,"d mmmm yyyy")
```

दुरुस्तीसाठी `File > Settings` मध्ये `Locale` भारत करा. मात्र आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या हातानेच पुन्हा भराव्या लागतात. त्यापेक्षा 2025-08-12 असं वर्ष आधी लिहायची सवय लावा, कुठल्याही लोकेलमध्ये गोंधळ होत नाही. आजची तारीख हवी असेल तर `Ctrl+;` दाबा. दोन सेकंद वाचवायला नुसतं ‘12/8’ टाकणाऱ्यांच्याच शीटमध्ये हा घोळ सापडतो.

तिसरी: सगळ्या अर्जांना एकच नियम

नोकरीच्या पोर्टलवरून केलेला, ज्यामागे कोणी ओळखीचं नाही असा अर्ज आणि रेफरलने गेलेला अर्ज यांना सारखं मोजू नका. पहिल्याला फॉलोअप करायला माणूसच नसतो. 21 दिवसांत काही आलं नाही तर ओळ बंद, मध्ये काही करायचं नाही. कंपनीच्या सामान्य ईमेल पत्त्यावर ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं पाठवण्यात वेळ घालवू नका. रेफरल असेल तर कामाच्या 7 दिवसांनी रेफर करणाऱ्याला विचारा, थेट एचआरला नाही. त्याच्या मागून जाऊन परस्पर चौकशी केली तर त्याची अडचण होते आणि पुढच्या वेळी तो शब्द टाकत नाही.

कन्सल्टन्सीमार्फत गेलेल्या अर्जासमोर कन्सल्टन्सीचं नाव आणि कोणत्या कंपनीत पाठवलं ते लिहाच. अधीरपणे त्याच जागेला थेटही अर्ज केला, तर उमेदवार नेमका कोणाचा यावरून वाद होतो, आणि कंपनी त्या भानगडीत पडण्याऐवजी तुमचं नाव बाजूला ठेवू शकते. ‘कंपनीचं नाव नंतर सांगतो, आधी सीव्ही पाठवा’ म्हणणाऱ्याला नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवायची परवानगी देऊ नका.

एमपीएससी किंवा जिल्हा परिषदेच्या भरतीच्या ओळी या शीटमध्ये नकोत. तिथे फॉलोअप नसतो, प्रवेशपत्र, परीक्षा आणि निकाल यांच्या तारखा असतात. त्यांना वेगळा टॅब द्या.

फॉलोअपचा मजकूर

जुन्याच मेलच्या साखळीत उत्तर द्या, नवा विषय उघडू नका. चार ओळी पुरेत: कोणतं पद, कोणत्या तारखेला कोणता राउंड, त्यांनी सांगितलेली तारीख, आणि एक प्रश्न. दुसऱ्या फॉलोअपमध्ये नोटीस पिरियड पुन्हा लिहा, कारण 30 आणि 90 दिवसांमधला फरक अनेकदा निर्णय फिरवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एचआरने आधी स्वतःहून लिहिलं असेल तरच तिथे लिहा. निळी टिक बघत बसणं हा पाठपुरावा नव्हे.

तोंडी ‘सिलेक्ट झालात’ म्हणजे ओळ पूर्ण नाही

फोनवर होकार आला तर स्थिती ‘तोंडी होकार’ लिहा आणि ऑफर लेटर कधी येणार ती तारीख टाका. पगार, पद आणि रुजू व्हायची तारीख लेखी हातात येईपर्यंत राजीनामा नाही, आणि बाकीच्या ओळींचे फॉलोअपही थांबवायचे नाहीत. सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि सगळ्यात मोठं नुकसानही इथेच होतं.

बंद केलेली ओळ पुसणं

बंद म्हणजे मी थांबलो, एवढंच. स्थितीत ‘नकार’ आणि ‘बंद, उत्तर नाही’ हे वेगळे लिहा. नकार आलेल्या जागी लगेच पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नसतो, दुसऱ्या प्रकारात नवी जाहिरात निघाली तर करता येतो. बंद ओळी वेगळ्या टॅबवर हलवा, पण पद, बोललेल्या माणसाचं नाव, फोन नंबर, सांगितलेला पगार आणि जाहिरातीची पीडीएफ जागेवर राहू द्या. जागेची मुदत संपली की जाहिरात पोर्टलवरून निघून जाते, म्हणून पीडीएफ अर्ज करतानाच काढायची. दोन महिन्यांनी अनोळखी नंबरवरून ‘तुम्ही आमच्याकडे अप्लाय केलं होतं’ असा फोन येतो, तेव्हा ‘पाच मिनिटांनी फोन करू का?’ एवढं म्हणून फोन ठेवा, शीटमध्ये तो नंबर शोधा, जाहिरात आणि तेव्हा सांगितलेला आकडा वाचा आणि मग बोला. आकडा आता वेगळा सांगायचा असेल तर कारणही त्याच ओळीत लिहून ठेवा.